मधला अंक तीन की पाच?

456 ला 8 ने भागलं की 57 येतात आणि बाकी काही उरत नाही. 436 ला भागलं तर 54 येतात आणि 4 उरतात. मोबाइलवर आलेल्या एका फोटोत असंच भागाकाराचं गणित आहे. पहिला अंक 4 आहे, शेवटचा 6 आहे, 8 ने भागायचं आहे, आणि मधल्या अंकाच्या जागी एक काळपट डाग आहे. तो 3 असेल, 5 असेल, 6 किंवा 8 सुद्धा असेल. अशा वेळी बहुतेक जण मनातल्या मनात भागून बघतात. 57 असं नीटस उत्तर आलं की ‘पाचच आहे’ असं म्हणतात. मग फोटोकडे पुन्हा बघितलं की तिथे खरोखरच 5 दिसायला लागतो. डोळ्यांनी अंक वाचलाच नाही, उत्तराने तो वाचून घेतला, हे नंतर लक्षातही येत नाही.

म्हणून अशा फोटोतलं गणित सोडवण्याआधी वेगळं काम करायचं असतं: कोणते अंक खरोखर दिसतात आणि कोणते आपण भरून काढतोय, याचा निवाडा. हे काम नुसत्या तीक्ष्ण नजरेचं नाही. फोटोत नेमकं काय शिल्लक राहतं आणि काय जातं, हे माहीत असेल तर निवाडा बराचसा हिशोबाने करता येतो.

कागद पाचवीतल्या एका मुलीचा. वर्ग सेमी-इंग्रजीचा, त्यामुळे छापील अंक इंग्रजी. या लेखातही कागदावरचे अंक मी तसेच ठेवले आहेत, कारण इथे प्रश्न त्यांच्या आकाराचा आहे. बाईंनी टाइप करून वर्गापुरत्या झेरॉक्स काढलेलं ए-फोर आकाराचं वर्कशीट, दोन रकान्यांत आठ गणितं, खाली मुलीने पेन्सिलने केलेली आकडेमोड. वडिलांनी रात्री कागद टेबलावर ठेवला, खुर्चीत बसूनच मोबाइल किंचित तिरपा धरून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला: ‘बरोबर आहेत का बघता का जरा?’ ट्यूबलाइट त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होती. आपलं डागाचं गणित, म्हणजे दुसरं, कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे, म्हणजे वडिलांपासून सगळ्यांत लांब.

आधी तिरपेपणाचं बघू. मोबाइलपासून कागदाची जवळची कड २५ सेंटीमीटरवर आणि लांबची कड ४० सेंटीमीटरवर होती असं धरू. कागद फोटोत वर निमुळता होत गेलेला दिसतो, हे सगळ्यांनाच दिसतं. लांबच्या गोष्टी लहान दिसतात आणि रुंदी अंतराच्या प्रमाणात कमी होते. इथे अंतर १.६ पट वाढलं, म्हणून वरच्या ओळीतल्या अंकांची रुंदी खालच्यांच्या १.६ पट कमी झाली. उंचीचं मात्र तसं होत नाही. कागद आपल्यापासून दूर दूर जातो आहे, त्यामुळे उंचीला दुहेरी मार बसतो: एकदा लांब असल्याचा आणि एकदा त्या बाजूला कलल्याचा. उंची अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १.६ चा वर्ग २.५६, म्हणजे वरच्या ओळीतले अंक रुंदीला दीडपट बारीक, पण उंचीला अडीचपट चेपलेले.

आता पिक्सेल मोजू. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आणली जाते. मोबाइलने मूळ फोटो ४००० गुणिले ३००० असा काढला असेल, तर पोचेपर्यंत तो प्रत्येक दिशेने अडीचपट आकसलेला असतो. छापील अंक चौदा पॉइंटचे आहेत, म्हणजे प्रत्यक्ष कागदावर सव्वातीन मिलिमीटर उंच. वर सांगितलेल्या मापांनी हिशोब केला तर कागदाच्या खालच्या कडेजवळचा अंक सुमारे १८ पिक्सेल उंच आणि ११ रुंद येतो. वरच्या कडेजवळचा येतो ७ उंच आणि ७ रुंद. फोटोतला अंक चौकोनी, बसका दिसू लागला की समजावं, आपण धोक्याच्या भागात आलो.

सात पिक्सेल पुरतील का? हे अंकावर अवलंबून आहे आणि इथेच खरी मेख आहे. 5 चा आकार वरून खाली बघा. वर आडवी रेघ, मग मोकळी जागा, मधली रेघ, पुन्हा मोकळी जागा, तळाची रेघ. एकावर एक पाच थर. 3, 6 आणि 8 यांचंही तसंच, पाच थर. हे चारही अंक एकमेकांपासून ओळखायचे ते मधल्या दोन मोकळ्या जागांवरून. वरची जागा डावीकडून उघडी, उजवीकडून उघडी की बंद, खालची डावीकडे बंद की उघडी, एवढाच त्यांच्यातला फरक. प्रत्येक थराला दोन तरी पिक्सेल मिळाले, तर रेघ आणि मोकळी जागा वेगळ्या पडतात. म्हणजे दहा हवेत, आणि आहेत सात. शिवाय कागदावरच्या रेघा पिक्सेलच्या ओळींवर मोजून मापून बसत नाहीत. एक रेघ अर्धी या ओळीत, अर्धी त्या ओळीत पडते आणि दोन्ही राखाडी होतात. परिणामी मोकळ्या जागा भरून जातात आणि चारही अंकांचा एकच बसका डाग होतो.

1, 7 आणि 4 यांचं बिघडत नाही. त्यांची ओळख उभ्या किंवा तिरक्या रेघांवर आहे, त्यांच्यात थर कमी. म्हणूनच त्या वरच्या कोपऱ्यात पहिला 4 निःशंक वाचता येतो आणि शेजारचा अंक येत नाही. शेवटचा 6 मी वाचला असं म्हणालो, तेही खरं तर तपासायला हवं. तो वाचता आला, कारण त्याचं वरचं शेपूट अंकाच्या माथ्यावर डावीकडे बारीक निमुळतं दिसतं आणि उजवा खांदा रिकामा आहे. 8 ला असा रिकामा खांदा नसतो. 5 ला वर उजवीकडे रेघ असते. तेव्हा 6 ठेवू. मधल्या अंकाच्या बाबतीत मात्र नेमकी हीच जागा, खांद्यांची, गढूळ आहे.

ती का गढूळ आहे, तर सावलीमुळे. ट्यूबलाइट वडिलांच्या पाठीशी होती. पाठीमागचा उजेड आपली आणि मोबाइलची सावली पुढे टाकतो, म्हणजे कागदाच्या नेमक्या त्याच भागावर जो आपल्यापासून लांब आहे. त्यामुळे सर्वांत चेपलेले अंक आणि सर्वांत अंधारा कोपरा एकाच ठिकाणी येतात. हा योगायोग नाही, बसून काढलेल्या जवळजवळ प्रत्येक रात्रीच्या फोटोत हेच होतं.

गंमत म्हणजे सावली स्वतः काही पुसत नाही. कागद आणि शाई दोघांवरचा उजेड सारख्याच प्रमाणात कमी होतो, त्यांच्यातलं गुणोत्तर तेच राहतं. समजा उजेडात कागदाचा आकडा 200 आणि पेन्सिलच्या रेघेचा 150 आहे. सावलीत उजेड चौथ्या हिश्श्यावर आला तर ते 50 आणि 37 होतील. फरक ५० वरून १३ वर आला, पण पेन्सिल अजूनही कागदाच्या तीनचतुर्थांशच उजळ आहे. मोबाइलमध्ये ब्राइटनेस वाढवून ती रेघ पुन्हा वर काढता यायला हवी. मूळ फोटोत बहुधा काढता येतेही.

अडचण होते फोटो साठवण्याच्या पद्धतीत. जेपीईजी फोटोचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक, फिके चढउतार ‘डोळ्याला काय कळणार’ म्हणून गोळाबेरीज करून टाकतं. निसर्गदृश्यात ते खरंच कळत नाही. आपला अंक मात्र सात गुणिले सात पिक्सेलचा आहे, म्हणजे एका चौकोनातच तो अख्खा मावतो. त्याच्या पोटातल्या मोकळ्या जागा हेच ते बारीक चढउतार, आणि सावलीमुळे ते फिकेही झालेले. गोळाबेरजेत ते गेले की ब्राइटनेस कितीही वाढवा, वर येतो तो डागच. फोटो खूप मोठा करून बघितला आणि अंकाभोवती चौकोनी ठिगळं दिसू लागली, तर ती या कापाकापीची खूण. तिथे आकार वाचायचा प्रयत्न सोडून द्यावा.

उलट्या बाजूचीही एक फसगत असते. मोबाइल अंधाऱ्या भागाला सांभाळायला उजेड वाढवून घेतो आणि मग लख्ख बाजूचा कागद पार पांढरा होतो. पांढऱ्याची कमाल २५५, त्याच्या वर आकडाच नाही. तिथली फिकी पेन्सिल कागदाइतकीच पांढरी झाली की ती गेली, आणि हे जाणं सावलीपेक्षा वाईट, कारण सावलीतल्या डागावर आपण शंका तरी घेतो. पांढऱ्याशुभ्र कोऱ्या जागेवर कोण शंका घेणार? खोडलेली बाकी, हातचा, दशांशचिन्ह अशा बारीक गोष्टी याच बाजूला गुपचूप नाहीशा होतात.

याच कारणाने मला ‘स्कॅन’ करून पाठवलेल्या, दुधासारख्या पांढऱ्या फोटोंची जास्त धास्ती वाटते. स्कॅनची ॲप्स कागदाचे चार कोपरे धरून तो ताणून सरळ करतात. सरळ केल्यावर आपला ७ पिक्सेल उंचीचा अंक १८ पिक्सेलचा होतो. पण ते ताणणं आहे. सात ओळींतली माहिती अठरा ओळींत पसरते एवढंच. मग ॲप ठरावीक उजेडाच्या वरचं सगळं पांढरं आणि खालचं सगळं काळं करतं. राखाडी डागाला जी अनिश्चितता होती, ती जाऊन तिथे ठसठशीत काळा 8 उभा राहतो. दिसायला स्वच्छ, पण तो 8 ॲपने ठरवलेला आहे, कागदाने नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर २०१३ सालची गोष्ट आहे. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका घराच्या आराखड्याची प्रत झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर काढलेली तपासली. आराखड्यात तीन खोल्यांचं क्षेत्रफळ लिहिलेलं होतं: 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर. प्रतीत तिन्ही खोल्या 14.13 च्या झाल्या होत्या. अंक पुसट नव्हते, फाटलेले नव्हते, अगदी छापल्यासारखे स्वच्छ होते आणि चूक होते. दुसऱ्या एका तक्त्यात 6 चे 8 झालेले सापडले. कारण जागा वाचवण्याची पद्धत. जेबिग-टू नावाच्या त्या पद्धतीत यंत्र पानावर एकमेकांसारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके शोधतं, त्यातला एकच साठवतं आणि बाकीच्यांच्या जागी त्याचीच नक्कल चिकटवतं. पुंजके लहान आणि अंधूक असले की ‘सारखे’ ठरवताना गफलत होते. कंपनीने पुढे यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली. पण ही खोड यंत्रापुरती नाही. डागाकडे बघून आपला मेंदूही तेच करतो: ओळखीचा अंक उचलतो आणि तिथे चिकटवतो. फरक एवढाच की उत्तर आधी काढलं असेल तर कुठला अंक उचलायचा हेही ठरलेलं असतं.

तर आता 456 कडे परत. ‘भाग पूर्ण जातो, म्हणून 5’ हा युक्तिवाद मुळातून टाकाऊ नाही. वर्कशीट माणसाने बनवलेलं असतं आणि बाई मुलांना पूर्ण भाग जाणारी गणितं देतात, तेव्हा तो पुरावा धरता येतो. पण त्यासाठी आधी त्या वर्कशीटमध्ये तसं आहे का हे बघावं लागतं. या कागदाच्या माथ्यावर मथळा आहे, आणि तो मोठ्या अक्षरात असल्यामुळे चेपलेला असूनही वाचता येतो: भागाकार व बाकी लिहा. खालच्या, स्वच्छ दिसणाऱ्या गणितांपैकी पाचवं आहे 73 ÷ 8. त्यात 9 येतात आणि 1 उरतो. म्हणजे बाकी उरणं हा इथला नियमच आहे. पूर्ण भाग जाण्याचा पुरावा एका झटक्यात बाद. उलट बाद नसता, तरी तो ‘छापलेला अंक काय’ याच्या बाजूने दुय्यम साक्षीदार म्हणूनच उभा करायचा, आकाराची साक्ष संपल्यावर.

आकाराची साक्ष अजून संपलेली नाही. छापील कागदाचा एक मोठा फायदा असतो: त्यावरचे सगळे 5 एकाच साच्यातले असतात आणि सगळे 3 एकाच साच्यातले. तेव्हा हा डाग मनातल्या 5 शी न ताडता त्याच ओळीतल्या, तेवढ्याच चेपलेल्या एखाद्या खऱ्या 5 शी ताडावा. खालच्या ओळीतला नको, तो अडीचपट उंच आहे. वरच्या ओळीत, डाव्या रकान्यातल्या पहिल्या गणितात 350 ÷ 6 आहे. तिथे सावली नाही. तो 3 आणि तो 5 शेजारी शेजारी, तितक्याच उंचीचे. दोघेही बसकेच दिसतात, पण नीट बघितलं तर 5 च्या डागाचा वरचा भाग डावीकडे जड आहे आणि 3 चा उजवीकडे. आता दुसऱ्या गणितातला डाग: वरचा भाग उजवीकडे किंचित जड वाटतो. फक्त वाटतो, कारण सावलीची कड तिथूनच गेली आहे आणि सावलीची कडही उजवीकडेच जास्त काळी आहे. एवढ्यावर मी 3 म्हणणार नाही. पण 5 म्हणण्याचं कारण मात्र गेलं. या टप्प्यावर कागदाच्या कडेला लिहायचं ते असं: 4[3/5/8]6 ÷ 8. कंसात जेवढे शक्य तेवढे, संभवाच्या क्रमाने. 6 मी वगळला, कारण शेजारीच खरा 6 आहे आणि डागाला तसं निमुळतं शेपूट दिसत नाही.

यानंतर पेन्सिल. मुलीने आकडेमोड छापील गणिताच्या खाली केली आहे, म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर जवळ, आणि तिचे अंक छापील अंकांच्या दीडपट मोठे. सावली तिथेही आहे, पण अंक बऱ्यापैकी वाचता येतात. भागाकाराची मांडणी इथे फार उपयोगाची, कारण छापलेला अंक पुढच्या प्रत्येक पायरीत वेगळं रूप घेऊन पुन्हा येतो. मधला अंक 3 असेल तर 43 मधून 40 गेले, 3 उरले, 6 खाली घेतला, 36 मधून 32 गेले, 4 उरले. 5 असेल तर 45 मधून 40, उरले 5, झाले 56, त्यातून 56 गेले, बाकी शून्य. 8 असेल तर पहिल्याच पायरीत 48 मधून 48 जातात, 40 येतच नाही.

पेन्सिलीत पहिल्या ओळीत 40 आहे. शून्य गोल आणि मोकळं, शंकेला जागा नाही. म्हणजे 8 गेला. त्याखालच्या ओळीतला दोन अंकी आकडा आहे 36 किंवा 56, पुन्हा तोच घोळ, 3 आणि 5 तिथेही जुळे. पण त्याच्या खालची ओळ बघा. वजा केलेली संख्या 8 च्या पाढ्यातलीच असणार, तेव्हा ती एक तर 32 आहे नाहीतर 56. आता वाद 3 आणि 5 मध्ये राहिला नाही, एककाचा अंक 2 आहे की 6 एवढंच बघायचं. 2 चा तळ सपाट आणि उजवीकडे लांबलेला, 6 चा तळ गोल आणि बंद. हे दोघे सात पिक्सेलमध्येसुद्धा वेगळे ओळखू येतात. फोटोत तळाची रेघ सपाट आहे, पुढे गेलेली आहे. 2 आहे. शेवटी 4 उरल्याचंही दिसतं, त्याचा वरचा भाग उघडा.

पायऱ्या खोडलेल्या असत्या आणि नुसतं उत्तर असतं, तर नवाचा ताळा कामी आला असता. 54 ची बेरीज 9, म्हणजे ताळ्यात शून्य. शून्य गुणिले 8 शून्यच, त्यात बाकी 4 मिळवली की 4. 436 च्या अंकांची बेरीज 13, तिची 4. जुळलं. 456 ची 15, तिची 6. नाही जुळत. ताळ्याला मर्यादा आहे, 0 आणि 9 त्याला सारखेच, आणि अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. पण 3 की 5 एवढ्या वादाला तो पुरतो.

मात्र यातून सिद्ध झालं ते काय, हे काटेकोर सांगायला हवं. मुलीने 436 वाचून भागाकार केला, हे आता पक्कं. तिच्या हातात खरा कागद होता, आमच्यासारखा डाग नव्हता, म्हणून छापलेला अंकही 3 असण्याची शक्यता दाट. पण मुलं गणित उतरवतानाच चुकतात आणि मग चुकीचं गणित बिनचूक सोडवतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. बाईंनी 456 दिलं असेल आणि मुलीने 436 सोडवलं असेल, तर माझं ‘बरोबर आहे’ हे चूक ठरेल. म्हणून दोन नोंदी वेगळ्या: मुलीने वाचलं 436, छापलंय 4[3/5]6. आणि वडिलांना प्रश्न एवढाच: ‘दुसऱ्या गणितातला मधला अंक कागदावर बघून सांगा.’ त्यात ‘436 आहे ना?’ असं विचारायचं नाही, नाहीतर तेही कागद न बघता ‘हो हो’ म्हणतील. पूर्ण संख्या फोनवर विचारण्यापेक्षा एकेक अंक विचारलेला बरा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी फोनवर ऐकताना आणखी एक गोंधळ उभा राहतो.

याच कागदावर आणखी दोन जागा अशा आहेत जिथे डाग नाही, अंक स्वच्छ दिसतात, आणि तरी थांबावं लागतं. एक ते पाचवं गणित, 73 ÷ 8. पेन्सिलीत उत्तर आणि बाकी दोन्ही लिहिलेलं आहे, आणि दोन्हींचा आकार जवळजवळ सारखा: वर छोटं वेटोळं, खाली वाकलेली शेपटी. ही मुलगी चौथीपर्यंत मराठी अंक लिहीत होती. तिने भागाकार इंग्रजी 9 लिहिला आणि बाकी मराठी १. दोन्ही बरोबर. पण इंग्रजी समजून वाचलं तर बाकी 9 होते, जी 8 ने भागताना शक्यच नाही, आणि मराठी समजून वाचलं तर भागाकार १ होतो. सेमी-इंग्रजीच्या पहिल्या वर्षी अशी सरमिसळ सर्रास असते. मराठी ४ आणि इंग्रजी 8, मराठी ५ आणि घाईत लिहिलेला इंग्रजी 4 या जोड्याही तशाच. मूल कुठले अंक लिहितंय हे ठरवताना ०, २, ३ बघून काही कळत नाही, ते दोन्हीकडे सारखेच दिसतात. ८ किंवा इंग्रजी 5 असा एखादा निर्विवाद अंक त्याच हस्ताक्षरात शोधावा लागतो, आणि तो सापडला तरी पुढच्या ओळीत मूल लिपी बदलू शकतं हे गृहीत धरावं.

दुसरी जागा सातवं गणित, भागाकाराऐवजी गुणाकाराचं, खालच्या डाव्या कोपऱ्यात, लख्ख उजेडात: 12.5 × 4 किंवा 125 × 4. 2 आणि 5 यांच्यामध्ये तळाशी एक ठिपका आहे, जेमतेम अडीच पिक्सेलचा. झेरॉक्सच्या काचेवरचा कचरा अगदी असाच ठिपका उमटवतो आणि या कागदावर तसे ठिपके इतरत्रही आहेत. अशा वेळी ठिपक्याकडे बघत बसू नये, अंतर मोजावं. बहुतेक छापील टाइपांत सगळे अंक सारख्याच रुंदीची जागा घेतात, आणि नेहमीच्या टाइपांमध्ये दशांशचिन्ह त्याच्या साधारण अर्धी जागा घेतं. इथे 1 च्या मध्यापासून 2 च्या मध्यापर्यंत १२ पिक्सेल भरतात. ठिपका कचऱ्याचा असेल तर 2 पासून 5 पर्यंतही १२ च भरतील, खरं चिन्ह असेल तर १८. मोजलं तर १८ भरतात. दशांशचिन्ह खरं आहे, 12.5 च आहे. आणि ठिपका उजेडात पार पुसला गेला असता, तरी अंतराने हेच सांगितलं असतं. हस्ताक्षरात ही युक्ती चालत नाही, तिथे कोणी मोजून लिहीत नाही.

फोटो पुन्हा मागवायचाच झाला, तर ‘नीट काढा’ म्हणून उपयोग नसतो, कारण वडिलांच्या दृष्टीने तो नीटच आहे. काय बदलायचं ते सांगावं. पहिली गोष्ट, आधीचाच मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा. तसा पाठवला की तो आकसत नाही. वरच्या ओळीतला ७ पिक्सेलचा अंक मूळ फोटोत १७-१८ पिक्सेलचा असतो आणि पाच थरांना तेवढे पुरतात. नवीन फोटो न काढताच काम होऊन जातं. तेही जमलं नाही, तर कागद उलटा फिरवून ठेवायला सांगावा, म्हणजे वरचा कोपरा त्यांच्या जवळ येईल आणि सावलीतून बाहेर पडेल. मग पूर्ण पान न घेता, फक्त ते एक गणित जवळून.

यातलं काहीच चालणार नाही अशी एक वेळ असते. झेरॉक्सच फिकी निघालेली असते, शाई संपत आलेल्या यंत्रावरची, आणि मधला अंक कागदावरच अर्धा आहे. मग वडिलांनी कितीही जवळून बघितलं तरी तेही अंदाजच सांगणार. वर्गातल्या दुसऱ्या मुलीचा कागद विचारावा, पण तोही त्याच मूळ प्रतीवरून, त्याच यंत्रावर, त्याच दुपारी काढलेला असू शकतो. तो जुळला तर काही सिद्ध होत नाही. तेव्हा विचारायचं ते बाईंना, आणि तोवर 436 आणि 456 दोन्हींची उत्तरं लिहून ठेवायची: 54 बाकी 4, आणि 57 बाकी 0.